मराठी-इंग्रजी नोट्सचं अरबी भाषांतर पुन्हा पुन्हा उलटतंय? आधी हे तपासा

पुण्यात येमेन, इराक, सुदान, ओमानहून शिकायला आलेली मुलं बरीच आहेत. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत चालतं, पण शेजारच्या बाकावरची मुलगी वहीत जे उतरवून घेते ते अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असतं. परीक्षेच्या आधी त्या वहीचे फोटो फिरतात आणि त्यातले काही माझ्याकडे येतात. "ताई, हे अरबीत करून द्याल का? उद्या पेपर आहे." मी अरबी शिकवते आणि भाषांतरं करते. या एका कामात एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की तो कुठे सापडेल हे आता फोटो बघूनच कळायला लागलंय. माझ्यासारखं काम करणाऱ्यांसाठी, आणि मैत्रीखातर स्वतःच भाषांतर करून देणाऱ्या वर्गमित्रांसाठी हे लिहून ठेवतेय.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी बिघाड आहे असं समजा.

- अरबी वाक्य व्याकरणाने बरोबर वाटतं, पण विज्ञान उलटं झालेलं असतं. पाणी आत जायचं ते बाहेर जातं.
- एकाच गोष्टीला एका पानावर दोन-तीन अरबी नावं पडलेली असतात.
- ज्याच्यावर क्रिया घडते तेच ती करतंय असं वाचताना वाटतं.
- आकडा चुकीचा उतरतो, किंवा बाण भलत्या बाजूला बघतो.
- वाचणारा विद्यार्थी म्हणतो, "शब्द सगळे कळले, वाक्य कळलं नाही."

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते ऐकू आलं की एखाद-दुसरा शब्द बदलून भागत नाही. भाषांतर तुकड्या-तुकड्यांनी झालेलं असतं. इंग्रजी शब्दांना अरबी शब्द मिळालेले असतात, मराठी शब्दांनाही मिळालेले असतात, पण त्या दोन्हींतून मिळून तयार होणारं वाक्य कोणी पूर्ण लिहिलेलंच नसतं.

पुढे सगळीकडे एकच नमुना वापरते. फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या वहीत असतात तशा या चार ओळी:

```
Osmosis - solvent चे movement, low conc. कडून high conc. कडे, S.P.M. मधून
RBC hypotonic sol. मध्ये ठेवली → पाणी आत, ती फुगते, burst होते
Hypertonic → पाणी बाहेर, shrink होते
0.9% NaCl isotonic. म्हणून saline मध्ये हेच
```

फोटो परत मागवा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मा त्रास इथेच संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. पान सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ काढायला सांगा, आणि चारही कडा दिसल्या पाहिजेत हे आवर्जून सांगा. मराठी वाक्याचा निकाल लावणारे शब्द बहुधा ओळीच्या शेवटी येतात. "जाते" आणि "जात नाही" यांतला फरक उजव्या समासात दडलेला असतो आणि फोटोत कापला जातो तो नेमका तोच समास. मागच्या पानावरची शाई उमटत असेल तर खाली काळा कागद ठेवायला सांगा. त्याने अनुस्वार आणि मागच्या पानाचे ठिपके वेगळे ओळखू येतात.

मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा मोह इथे होतो. टेसरॅक्टला दोन्ही भाषा एकत्र देता येतात:

```
tesseract note.jpg out -l mar+eng
```

छापील झेरॉक्स असेल तर हे चालवून बघा. हस्ताक्षरासाठी ते बनलेलं नाही, आणि त्याच्या चुका सुधारण्यात जाणारा वेळ हाताने टाइप करण्यापेक्षा जास्त असतो.

जसंच्या तसं टाइप करा, भाषांतर न करता

मराठी देवनागरीत, इंग्रजी रोमनमध्ये, ओळीला ओळ. वाचता आलं नाही तिथे `[?]`. अंदाजाने काही भरायचं नाही. या पायरीचा कंटाळा येतो, पण तिच्यामुळे वाचनाची चूक आणि भाषांतराची चूक वेगळी काढता येते. ती वेगळी नसेल तर अरबी बिघडल्यावर कुठे हात घालायचा हेच कळत नाही.

टाइप करताना आकड्यांजवळ थांबा. अशा वहीत दोन लिप्यांचे आकडे मिसळलेले असतात. देवनागरीतला १ आणि इंग्रजी 9 हातानं लिहिल्यावर जवळजवळ सारखे दिसतात. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 यांचंही तेच. आपण मराठी ओळ वाचत आलेलो असतो, म्हणून 0.9 समोर आलं तरी डोळा "शून्य पूर्णांक एक" असं वाचून मोकळा होतो. आमच्या नमुन्याच्या चौथ्या ओळीत असं झालं तर ०.१ टक्का मिठाचं पाणी "आयसोटॉनिक", म्हणजे पेशीला ना फुगवणारं ना आकसवणारं, ठरतं. प्रत्यक्षात ते इतकं पातळ असतं की त्यात तांबडी पेशी फुटेल, म्हणजे दुसऱ्या ओळीतली अवस्था. आकडा बरोबर वाचला की नाही हे असं शेजारच्या ओळींच्या अर्थावरून पडताळता येतं. त्याच वहीतली तारीख किंवा पान क्रमांक बघितला तर लिहिणारी कोणत्या लिपीत आकडे काढते तेही समजतं.

पलीकडच्या टोकालाही असाच एक सापळा आहे. इराक, येमेन, सुदानकडची मुलं ज्या आकड्यांत शिकलेली असतात त्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पोकळ गोल म्हणजे पाच. मूळ वही त्यांच्या हातात असेल आणि ते घाईत असतील तर आपलं ० त्यांना पाच वाटू शकतं. म्हणून अंतिम मजकुरात आकडे कोणत्या पद्धतीने लिहायचे हे त्यांना विचारून घ्या आणि मग पानभर तीच पद्धत ठेवा.

संक्षेप उघडा

`conc.` म्हणजे "कॉन्सन्ट्रेशन" की "कॉन्सन्ट्रेटेड"? आम्लाच्या नावाआधी आलं तर विशेषण, "कडून" आणि "कडे" यांच्या आधी आलं तर नाम. अरबीत पहिलं "तरकीझ" होईल आणि दुसरं "मुरक्कझ". `sol.` याहून घातक आहे. ते द्रावण असू शकतं, द्रावक असू शकतं, "विद्राव्य" असू शकतं. इथे मराठी विभक्ती मदतीला येते. "sol. मध्ये ठेवली" म्हटलंय, म्हणजे ज्यात काहीतरी ठेवता येईल असं काहीतरी, अर्थात द्रावण, अरबीत "महलूल". `S.P.M.` म्हणजे अर्धपारगम्य पटल. संदर्भावरून उकललं नाही तर वही लिहिणाऱ्या मुलीला एक मेसेज करा. दोन मिनिटांत उत्तर येतं, आणि तिनं स्वतः काय म्हणायचं होतं ते तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

मधली मराठी लिहा

खरा बिघाड इथे असतो, म्हणून इथे जरा थांबते.

अशा मजकुरात नामं इंग्रजी असतात, पण वाक्याचा सांगाडा मराठी असतो. कोण, कशातून, कुठून, कुठे, होतं की करतं, हे सगळं प्रत्यय आणि क्रियापदं सांगतात. अरबी भाषांतर करणाऱ्याची नजर मात्र आधी इंग्रजी शब्दांवर पडते, कारण त्यांचे अरबी पर्याय कोशात लगेच सापडतात. मराठी "चे", "कडून", "ती" ही किरकोळ भर वाटते. म्हणून अरबीकडे जाण्याआधी प्रत्येक ओळ पूर्ण मराठीत, कर्ता-कर्म-क्रियापदासह लिहून काढायची. नमुन्याच्या पहिल्या दोन ओळी अशा होतात:

"परासरण म्हणजे अर्धपारगम्य पटलातून द्रावकाचं, विरघळलेल्या पदार्थाची संहती कमी असलेल्या द्रावणाकडून ती जास्त असलेल्या द्रावणाकडे जाणं. तांबडी रक्तपेशी अल्पपरासारी द्रावणात ठेवली, तर पाणी पेशीच्या आत जातं, पेशी फुगते आणि फुटते."

लिहिताना तीन प्रश्न आपोआप सुटतात.

एक, "ती फुगते" मधली "ती" कोण? वहीत "पेशी" हा शब्दच नाही, "RBC" आहे. पण लिहिणाऱ्या मुलीच्या मनात पेशी होती, म्हणून "ठेवली", "ती" असं स्त्रीलिंग आलं. पाणी असतं तर "ते" आलं असतं. इंग्रजी शब्दाला मराठीने दिलेलं लिंग हा वहीतला सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे. अरबीत पेशी, म्हणजे "खलिय्या", स्त्रीलिंगी आणि पाणी, "मा", पुल्लिंगी. त्यामुळे "ती" कोण हे चुकलं तर क्रियापदाचं रूपही चुकतं, आणि पाणीच फुगल्यासारखं वाचलं जातं.

दोन, "होते" की "करते"? हा मराठीचा छोटासा शब्द अरबीत क्रियापदाचा साचाच बदलतो. "डिझॉल्व्ह होते" म्हणजे स्वतः विरघळतं, अरबीत "यझूब". "डिझॉल्व्ह करते" म्हणजे दुसऱ्याला विरघळवतं, "युझीब". "अ‍ॅब्सॉर्ब" तर आणखी फसवं. शोषून घेतं ते "यम्तस्सु", शोषलं जातं ते "युम्तस्सु", आणि ऱ्हस्व स्वरांच्या खुणा न घालता लिहिलं की दोन्ही एकसारखीच दिसतात. वाचणाऱ्याला फरक दिसायचा कसा? म्हणून "अ‍ॅब्सॉर्ब होते" असेल तिथे मी कर्मणी रूप टाळून "शोषण होतं" अशी नामाची रचना घेते:

```
يتم امتصاص الماء
```

तीन, "कमी" म्हणजे कशाचं कमी? इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. "कमी संहतीकडून जास्त संहतीकडे" असं सरळ भाषांतर करून दिलं. त्या मुलानं परत मेसेज केला की आमच्या शाळेच्या पुस्तकात बरोबर उलटं होतं, जास्तीकडून कमीकडे. दोन्ही बरोबर होती. त्याचं पुस्तक पाण्याची संहती मोजत होतं आणि ही वही विरघळलेल्या पदार्थाची. मराठी नोटमध्ये हे कोणीच लिहीत नाही, कारण वर्गात ते ठरलेलं असतं. अरबी वाचणारा त्या वर्गात तुमच्या भाषेतून बसलेला नसतो. तेव्हापासून "विरघळलेल्या पदार्थाची" हे शब्द मी मधल्या मराठीतच घालते आणि अरबीत नेते. मूळ मजकुरात नसलेला शब्द घालायची परवानगी मी स्वतःला फक्त अशाच जागी देते, जिथे तो नसला तर अर्थाची दिशा फिरते.

एक कल्पना, एक अरबी शब्द

वहीच्या पहिल्या ओळीत "ऑस्मोसिस", पाचव्या पानावर "परासरण", मध्येच "पाणी ओढून घेणं". तीनही एकच आहेत. कागदावर तीन रकान्यांची यादी करा: वहीतला शब्द, मराठी शब्द, अरबी शब्द. भाषांतर करताना अरबी शब्द फक्त त्या यादीतून उचला.

अरबी शब्द निवडण्याआधी विद्यार्थी कुठे शिकला ते विचारा. ऑस्मोसिसला काही अरबी पुस्तकांत "तनादुह" म्हणतात, इजिप्तच्या शाळांत "अल-खासिय्या अल-उस्मूझिय्या" हे नाव रुळलेलं आहे. दोन्ही बरोबर, पण एकाच पानावर दोन्ही आली तर वाचणारा दोन वेगळ्या क्रिया समजतो. शिवाय बहुतेक अरब देशांत वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये चालतं. अरबीतून पूर्ण वैद्यक शिकवणारा सीरिया हा त्यातला ठळक अपवाद. त्यामुळे पुष्कळ मुलांना अरबी शब्दाशेजारी इंग्रजी शब्दही हवा असतो. पेपर तर इंग्रजीतच लिहायचा असतो. विचारा आणि मागितला तर पहिल्या उल्लेखाला एकदाच द्या.

"दाट" या शब्दापासून जपा. मराठी मुलं कॉन्सन्ट्रेटेड द्रावणाला सहज "दाट" म्हणतात. कोशातून त्याला "कसीफ" मिळतो, म्हणजे घनतेचा शब्द. इथे हवाय "मुरक्कझ".

अरबी लिहा, मग दिशा तपासा

मधली मराठी नीट असेल तर अरबी लिहायला फार वेळ लागत नाही. नमुन्याचं माझं रूप असं आहे:

```
التناضح هو انتقال المذيب عبر غشاء شبه منفذ
من المحلول الأقل تركيزًا بالمذاب إلى المحلول الأعلى تركيزًا بالمذاب.
إذا وُضعت كرية دم حمراء في محلول منخفض التوتر
دخلها الماء فانتفخت ثم انفجرت.
وإذا وُضعت في محلول مرتفع التوتر خرج منها الماء فانكمشت.
أما محلول كلوريد الصوديوم بتركيز 0.9% فهو متساوي التوتر،
ولهذا هو التركيز المستعمل في المحلول الملحي.
```

मूळचे बाण इथे नाहीत, हे मुद्दाम केलं आहे. वहीतला बाण "तर" या अर्थाचा आहे, म्हणून अरबीत मी "इझा" म्हणजे "जर" अशी वाक्यरचना केली. बाण तसाच ठेवला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. अरबी ओळ उजवीकडून सुरू होते. कारण उजव्या बाजूला, परिणाम डाव्या बाजूला येतो. पण → हे चिन्ह ओळीबरोबर फिरत नाही, ते उजवीकडेच बघत राहतं. म्हणजे बाण परिणामाकडून कारणाकडे जातो. कंसांची चिन्हं मात्र आपोआप फिरतात, त्यामुळे बाणही फिरला असेल असं आपण धरून चालतो. आकृतीत किंवा प्रवाहतक्त्यात बाण ठेवावाच लागला तर ← टाइप करा आणि पडद्यावर डोळ्यांनी खात्री करा.

मेसेजमधून पाठवत असाल तर ओळीची सुरुवात अरबी शब्दानेच करा. ओळीतलं पहिलं अक्षर ज्या लिपीचं, तीच दिशा बरीच अ‍ॅप्स सगळ्या ओळीला लावतात. "RBC" ने सुरुवात झाली की वाक्याचे तुकडे जागा बदलतात आणि पूर्णविराम भलतीकडे जातो. वर्डमध्ये परिच्छेदाला उजवीकडून डावीकडची दिशा द्या. नुसतं उजवीकडे सरकवून उपयोग नाही, त्याने मजकूर उजव्या कडेला लागतो पण क्रम चुकीचाच राहतो. टक्क्याचं चिन्ह आकड्याच्या डावीकडे दिसलं तर मात्र त्याला हात लावू नका. अरबी ओळीत ते तिथेच असतं.

उलटी परीक्षा

वाचणाऱ्या मुलाला अरबी वाचून दाखवायला सांगू नका. चित्र काढायला सांगा. एक गोल, बाहेर द्रावण, पाणी कुठे जातं त्याचा बाण. मग ते चित्र वहीच्या मालकिणीला दाखवा. तिला अरबी येत नाही आणि त्याला मराठी येत नाही, पण बाण दोघांनाही कळतो. माझ्याकडच्या दिशेच्या बहुतेक चुका या चित्रात सापडल्या आहेत, वाचून तपासताना नाही.

कुठे थांबायचं

`[?]` आकड्यावर असेल आणि तो औषधाची मात्रा, प्रमाण किंवा संहती सांगत असेल, तर पुढे जाऊ नका. मूळ वही मागवा किंवा विषयाच्या शिक्षकांना विचारा. तोपर्यंत अरबीत ती जागा रिकामी ठेवून तसं स्पष्ट लिहा. अंदाजाचा आकडा अरबीत सुबक टाइप झाला की तो अंदाज होता हे कोणालाच दिसत नाही.

मधली मराठी लिहूनही वाक्य विज्ञानाला धरून वाटत नसेल तर चूक बहुधा वहीतच आहे. ती तुम्ही भाषांतरात गुपचूप दुरुस्त करू नका. शिक्षकांकडून खात्री करून घ्या आणि दुरुस्ती केली असेल तर वहीच्या मालकिणीलाही कळवा, तिचाही पेपर उद्याच आहे.

तुमचं अरबी स्वतःचं वाक्य जोखण्याइतकं पक्कं नसेल तर वर्गातला दुसरा अरब विद्यार्थी ही पहिली पायरी, आणि अरबीचा जाणकार अनुवादक ही दुसरी. त्यांच्याकडे जाताना फोटो एकटा देऊ नका. टाइप केलेला मजकूर, मधली मराठी आणि शब्दांची यादी सोबत द्या. त्यांना मराठी येत नसेल तरी मधल्या मराठीचं इंग्रजी करून देता येतं, आणि त्यावरून ते अर्ध्या तासात तपासून देतात. नुसत्या फोटोवरून त्यांनाही सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

आणि हा कागद एखाद्या विद्यापीठात, दूतावासात किंवा सरकारी कचेरीत द्यायचा असेल, तर तुमचं-माझं काम तिथे संपतं. अरब देशांत अशा कामाला शपथबद्ध किंवा परवानाधारक अनुवादक लागतो. अमिरातीत कायदेशीर अनुवादकाला तिथल्या न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. त्यांना मूळ कागदच द्या, आपलं भाषांतर सोबत जोडू नका.